मुलाखतीतल्या मुक्या जागा

माणसाचा आवाज गेला की तो जातो कुठं, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी सरळ सांगितलं असतं की आमच्या कपाटातल्या हार्डडिस्कमध्ये. जालना जिल्ह्यातल्या एका छोट्या गावरेडिओत मी मुलाखती घेते आणि कापते. कापते म्हणजे तासाभराच्या बोलण्यातून दोन मिनिटं काढते. या कामानं माझा स्वभाव उतावीळ झालाय. समोरचा माणूस वाक्य संपवायच्या आत माझ्या डोक्यात कात्री चालू होते. घरचे म्हणतात, हिला लग्नात उखाणासुद्धा अर्धाच आवडतो.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याची मुलाखत घेतली त्याला ती सगळी कागदावर छापून द्यायची. रेडिओवर वाजलेलं वाऱ्यावर जातं, कागद घरात राहतो. लोक ती पानं फोटोसारखी जपतात. पानावर प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्याशी वेळ छापलेली असते, म्हणजे हे बोलणं रेकॉर्डिंगच्या कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला सुरू झालं ते. ती वेळ खरं तर आमच्या सोयीसाठी. कुणाचं एखादं वाक्य हवं असलं की पानावर वेळ बघायची, मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी जायचं आणि वाक्य उचलायचं. पाच मिनिटांचं काम.

त्या दिवशी आष्टीहून मामा आणि मामी (नात्यातले नव्हेत, मी तसं म्हणते एवढंच) आले ते अशी पानं घेऊनच. सकाळच्या एस्टीनं आल्ते. मामा आडतीवर हर्राशी, म्हणजे मालाचा लिलाव, पुकारणारे. धान्याची हर्राशी, मोसंबीच्या दिवसांत मोसंबीची. ढिगामागून ढीग, एका दमात बोली चढवत न्यायची, श्वास कधी घेतात ते कळायचं नाही. दीडेक वर्षापूर्वी मी त्यांची मुलाखत घेतली होती, त्यांच्या घरी. नंतर त्यांना घशाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. आता गळ्यावर पांढऱ्या कापडाची पट्टी, आणि हातात लहान मुलांची पाटी. ज्याच्या आवाजावर सगळा बाजार हलायचा, तो माणूस पाटीवर लिहून पाणी मागत होता. मला त्यांच्याकडं बघवेना.

मामींनी त्यातलं एक पान टेबलावर उलगडलं. एका ओळीखाली पेनानं रेघ मारलेली होती. ‘जल्मभर दुसऱ्याच्या मालाचा भाव पुकारला. माझ्या लेकीचा भाव मला पुकारता यायचा न्हाई.’ डोक्याशी वेळ होती अडतिसाव्या मिनिटाची.

“ताई, एवढं एक वाक्य काढून द्या,” मामी म्हणाल्या. “परवा पोरीचं लग्न हाय. आपल्यात हार घातल्यावर घरचे मोठे दोन शब्द बोलतेत. बापाला बोलता येत न्हाई. मंग म्हटलं, टेपातून बोलू दे.”

“ते गळ्याला लावून बोलायचं मशीन मिळतं ना?” मी विचारलं.

“पोरीनं आणलं व्हतं. एकदा लावलं, तर शेजारचं कुत्रं भुंकून भुंकून येडं झालं. तवापासून पेटीत हाय.” मामा हसले. हसण्याला आवाज नव्हता, फक्त खांदे हलले. मग मामींचा आवाज बदलला. “ताई, खरं सांगते. पोरगी नर्सिंगला गेली, पास झाली, नोकरीला लागली. ह्यांनी सगळा खर्चा केला, पर तोंडानं कधी एक सबूद काढला न्हाई. तिला वाटतं, अण्णाला माझं शिकणं आवडलंच न्हाई. परवा ती सासरी जाईल ती तेच मनात घेऊन जाईल. आता आवाज गेल्यावर सांगायचं कसं?”

मामांनी पाटीवर लिहिलं, ‘तिला माझ्या तोंडून ऐकू द्या.’

मी म्हटलं, बसा, चहा होईपर्यंत देते. असल्या बढाया मी नेहमी मारते.

मूळ रेकॉर्डिंग उघडलं आणि अडतिसाव्या मिनिटावर गेले. स्पीकर चालू केला. मामांचा आवाज खोलीत आला. भरदार, थोडा खरखरीत, बाजारात मुरलेला. ऑपरेशननंतर तो त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. त्यांनी हातातली पाटी हळूच मांडीवर पालथी घातली. मशीनमध्ये एक माणूस बोलतोय आणि तोच माणूस समोर मुका बसून ऐकतोय, असं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

पण आवाज काय बोलत होता? घरावर पत्रे कसे चढवले, कुणी कुणी हातभार लावला. लेकीचं नाव नाही, मालाच्या भावाचं नाव नाही. पानं चाळली तर पत्र्यांचा विषय आधीच्या पानावर होता, छत्तिसाव्या मिनिटाला. म्हणजे कागदाचं घड्याळ दोन मिनिटं मागं होतं.

हे अधूनमधून होतं. कुणी सुरुवातीची खोकलाखाकली कापून टाकतं आणि मग टाइप करतं, की पुढच्या सगळ्या वेळा तेवढ्याच सरकतात. सगळीकडं सारखा फरक. मग तेवढी भर घालायची आणि मोकळं व्हायचं. मी दोन मिनिटं मिळवली आणि चाळिसाव्या मिनिटावर गेले. तिथं मामा लेकीच्या दहावीच्या निकालाबद्दल बोलत होते. विषय जवळ आला होता, पण वाक्य नव्हतं. पानावर बघितलं, निकालाचा विषय सदतिसाव्या मिनिटाला. फरक आता दोनचा तीन झाला होता.

मग दुसरी शंका. कधी कधी फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात करताना तिचं घड्याळ किंचित जलद चालतं, आणि फरक थेंबाथेंबानं वाढत जातो. तसं असेल तर निम्म्यात निम्मा फरक सापडायला हवा. मी मधोमध गेले, हर्राशीच्या गप्पांमध्ये. तिथं मामा मोसंबीची बोली चढवून दाखवत होते आणि कागदाची वेळ न् रेकॉर्डिंगची वेळ अगदी बराबर जुळत होती. दोन-चार सेकंदांचाही फरक नाही.

चहा आला आणि थंड झाला. मामा माझ्याकडं बघत होते. त्यांनी पाटी पुसून लिहिलं, ‘मी बोललो होतो ना?’

त्यांना वाटायला लागलं होतं की हे वाक्य कुणीतरी कागदावर घातलंय, ते बोललेच नव्हते. आवाज गेलेल्या माणसाचा स्वतःच्या बोलण्यावरचा भरवसाही जावा, ही काही गोष्ट झाली? मी म्हटलं, “बोललात मामा. नक्की बोललात.” पण मलाही तेव्हा छातीठोक माहीत नव्हतं. मुलाखतीतलं सगळं कोण लक्षात ठेवतं? वाक्य बोलले तेव्हा मी बहुतेक पुढचा प्रश्न चाळत असेन.

टाइप करणारी आमची ताई कुंभार पिंपळगावला घरून काम करते. तिला फोन लावला.

“ती फाइल तू कशी टाइप केली होतीस? मधलं काही कापलं होतंस का?”

“मी कशाला कापू?” ती म्हणाली. “मी फक्त मुक्या जागा काढते.”

“कसल्या मुक्या जागा?”

“अवो, म्हातारी माणसं बोलता बोलता गप बसतेत न्हाई का. तेवढ्या येळात नुस्तं हेडफोन लावून बसायचं का आपण? कंप्युटरला सांगितलं की तो गप्प बसलेल्या जागा आपसूक काढून टाकतो. मंग राहिलेलं जल्दी टाइप होतं. समद्याच फाइली मी अशा करून राह्यले. तुमाला माहीत न्हाई व्हय?”

मला माहीत नव्हतं. “ती छाटलेली फाइल आहे का तुझ्याकडं?”

“न्हाई बा. टाइप झालं की पुसून टाकते. कंप्युटरात जागा कुठं हाय.”

आता सगळं उलगडलं. छापील वेळा मूळ मुलाखतीच्या नव्हत्याच. त्या होत्या मुक्या जागा काढून आकसलेल्या मुलाखतीच्या. जिथं माणूस सलग बोलला तिथं दोन्ही घड्याळं एकत्र चालली. जिथं तो गप्प झाला तिथं मूळ घड्याळ चालतच राहिलं आणि कागदाचं घड्याळ थांबलं. प्रत्येक गप्प बसणं फरकात जमा होत गेलं. फरक सारखा नव्हता आणि थेंबाथेंबानंही वाढत नव्हता, तो टप्प्याटप्प्यानं उड्या मारत होता.

मग उपाय एकच. पानावरचे ठळक शब्द घ्यायचे, जे ऐकताक्षणी ओळखू येतात, आणि तेच शब्द मूळ रेकॉर्डिंगमध्ये कुठं येतात ते शोधायचं. पत्रे इथं, निकाल इथं, बैलजोडी इथं. प्रत्येक जागी दोन वेळांतला फरक पेन्सिलीनं समासात लिहायचा. मी ऐकत होते, मामी सांगत होत्या, “आता ते बैल इकल्याचं सांगतील बघा,” आणि मामा पानावर बोट फिरवत होते.

समास भरत गेला तसतशी मी लिहिणं सोडून नुसती बघत राहिले. बाजाराच्या गोष्टी होत्या तिथं फरक शून्य. हर्राशी, आडत, व्यापारी, पावसात भिजलेला माल, या सगळ्यात मामा एकदाही गप्प झाले नव्हते. कंप्युटरला छाटायला तिथं काही सापडलंच नव्हतं. आणि मी “घरी कोण कोण?” विचारलं तिथून फरक वाढायला लागला. आईचं सांगताना थोडा. पत्र्यांच्या आधी, जमीन विकल्याचं सांगताना, बराच. लेकीचा विषय निघाल्यावर तर दर दोन-तीन वाक्यांनंतर एक उडी. हा माणूस कुठं बोलत होता आणि कुठं त्याला बोलता येईना, हे समासात पेन्सिलीनं मांडून ठेवलेलं होतं, आणि ते कुणी मुद्दाम मांडलं नव्हतं. कात्री चालवणारी बाई मी, मला गप्प बसणं म्हणजे वाया गेलेली जागा वाटायची.

दहावीच्या निकालापासून पुढं मी उड्या मारणं बंद केलं. रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि आम्ही तिघं ओळ न् ओळ ऐकत गेलो. पानावरची रेघ मारलेली ओळ जवळ येत होती. मामींनी पदर तोंडाला लावला होता.

आणि आवाज आला. “जल्मभर दुसऱ्याच्या मालाचा भाव पुकारला.”

मामींनी माझा हात धरला. मामांनी डोळे मिटले. आम्ही पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. ते येईना. शांतता. रेकॉर्डिंगमधल्या पंख्याचा घरघर आवाज, लांबून एक मोटारसायकल गेली. कागदावर ही दोन वाक्यं एकाच ओळीत, एकाला एक चिकटून होती. इथं मध्ये इतका वेळ गेला की मला वाटलं, दुसरं वाक्य ते बोललेच नाहीत. मग अचानक, अगदी हळू, “माझ्या लेकीचा भाव मला पुकारता यायचा न्हाई.”

मामींना रडू फुटलं. मामांनी मात्र हात वर केला. पुन्हा, अशी खूण केली. मी मागं नेऊन पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना मामा कान स्पीकरजवळ नेऊन बसले, आणि शांतता सुरू झाली तसं त्यांनी बोटानं वर, वर, असं केलं. आवाज मोठा करा.

केला. पंखा वादळासारखा घोंगावायला लागला. आणि त्याच्या मागं, भिंतीपलीकडून आल्यासारखं, कुणीतरी पुटपुटत होतं. एका सुरात, पाढे म्हणावेत तसं. “फीमर... पटेला... टिबिया... फिब्युला... टार्सल...” आवाज थांबला. पुन्हा पहिल्यापासून. “फीमर... पटेला...”

“अगं बया,” मामी म्हणाल्या. “ही तर आपली पोरगी. मधल्या खोलीत हाडांची नावं पाठ करून राह्यली.”

आमचा रेकॉर्डर मामांच्या समोर स्टुलावर होता. मी तिथंच बसले होते आणि मला ते ऐकू आलं नव्हतं. कंप्युटरनं तो आवाज शांततेत जमा करून छाटून टाकला होता, कारण तो इतका बारीक होता. टाइप करणारीनंही मग तो ऐकला नाही. सगळ्या जगात तो एका माणसानंच ऐकला होता, आणि म्हणून तो बोलता बोलता थांबला होता. पुकारण्यात ज्याचा श्वास दिसायचा नाही, तो माणूस आपल्या लेकीची हाडांची नावं ऐकत थांबला होता. मग पुढचं वाक्य बोलला होता.

आता कापायची वेळ आली. सवयीनं मी मधली शांतता काढली आणि दोन्ही वाक्यं शेजारी आणून लावली. छान वाटलं. नेमकं, टाळ्या घेणारं. मामांनी नकारार्थी मान हलवली. पाटीवर लिहिलं, ‘मधलं राहू द्या.’

“मामा, मंगल कार्यालयात एवढा वेळ गप्प राहिलं तर लोकांना वाटेल, लाइट गेली.”

त्यांनी ‘मधलं’ या शब्दाखाली रेघ मारली.

मग मी मूळ जागेवर परत गेले. पहिल्या वाक्याच्या आधी त्यांनी घेतलेला श्वास मी आत ठेवला, कारण श्वासाच्या मधोमध कापलं की ऐकणाऱ्याला धक्का बसतो. शेवटच्या ‘न्हाई’नंतर पंख्याचा थोडा आवाज सोडला आणि तो हळूहळू विझवला. मधल्या भागाचा आवाज फक्त थोडा उचलला, ऐकणाऱ्याला जाणवेल इतकाच. त्याउप्पर हात लावला नाही. मामांनी पेनड्राइव्ह सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून दोनदा चाचपून बघितला.

मला लग्नाचं आमंत्रण होतंच. आष्टीत कार्यालय भरलेलं होतं. त्रिशरण-पंचशील झालं, नवरा-नवरीनं हार घातले, टाळ्या झाल्या. मुलाकडच्या दोन मोठ्या माणसांनी लांबलचक आशीर्वाद दिले. मग कुणीतरी माइकवर सांगितलं की आता वधूचे वडील दोन शब्द बोलतील. सभागृहात कुजबुज झाली. सगळ्यांना माहीत होतं. नवरीनं दचकून बापाकडं बघितलं. मामा स्टेजच्या समोर पहिल्या ओळीत खुर्चीवर बसले होते, पांढरं स्वच्छ धोतर, गळ्यावर पट्टी, हात गुडघ्यांवर.

मी साउंडवाल्याच्या शेजारी उभी होते. “मध्ये शांत होईल. काहीही झालं तरी बंद करायचं नाही,” असं मी त्याला दोनदा सांगितलं होतं. त्यानं दोन्ही वेळा “हो मॅडम” म्हटलं होतं, म्हणजे ऐकलं नव्हतं.

मामांचा श्वास मोठ्या स्पीकरमधून आला. मग आवाज. “जल्मभर दुसऱ्याच्या मालाचा भाव पुकारला.”

कार्यालयात बाजारातली माणसं होती, हा आवाज ओळखणारी. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं टोपी काढली. नवरीचा हात तोंडावर गेला.

आणि शांतता. साउंडवाल्याचा हात लगेच वायरीकडं गेला. मी त्याचं मनगट घट्ट धरलं. मागून कुणीतरी म्हणालं, “बंद पडलं का?” पंख्याचा घरघर आवाज सगळ्या हॉलवर पसरला. आणि मग तो बारीक आवाज, आता सगळ्यांना ऐकू येईल इतका. “फीमर... पटेला... टिबिया...”

नवरीनं आपला आवाज ओळखला. तिचा चेहरा गोंधळलेला होता, हे कुठून आलं, कधीचं. तिनं बापाकडं बघितलं. मीही बघितलं.

मामांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. फीमर. पटेला. टिबिया. फिब्युला. टार्सल. स्पीकरमधल्या मुलीच्या एक शब्द पुढं. मुलगी थांबली तिथं ते थांबले नाहीत. मेटाटार्सल, फॅलँजेस, असं आवाजाशिवाय शेवटपर्यंत म्हणून मोकळे झाले. शाळा चौथीत सुटलेला माणूस. भिंतीपलीकडून किती दिवस ऐकलं असेल त्यानं.

दुसरं वाक्य वाजलं तेव्हा नवरी स्टेजवर नव्हती. ती हार सांभाळत खाली आली होती आणि खुर्चीसमोर खाली बसली होती, शालू जमिनीवर लोळत होता.

“अण्णा,” ती म्हणाली, “तुमाला पाठ हाय?”

मामांनी डोळे उघडले आणि हो म्हणून मान डोलावली.